चारही वेगळे दिसतात, मग वेगळा नेमका कोणता?

प्रश्न: मी नागपूरला रूम करून पोलीस भरतीची तयारी करतोय. 'वेगळा घटक ओळखा' मध्ये मला दरवेळी दोन-दोन, तीन-तीन उत्तरं दिसतात. काल सराव पेपरात 8, 27, 64, 125 आलं. मी 125 लिहिलं, कारण तीन अंकी तेच एक. रूममेटनं 27 लिहिलं, कारण 3 नं भाग जाणारं तेच एक. उत्तरतालिकेत 64 निघालं, पण त्याचं कारण काही दिलेलं नाही. नियम तर आमचेही बरोबर होते ना? मग आमचं काहून चुकलं?

उत्तर:

नागपुरातच महाल भागात माझा छोटा क्लास आहे. शिष्यवृत्तीची पोरं सकाळी, भरतीवाले संध्याकाळी. 'काहून चुकलं' हा प्रश्न दोन्ही बॅचला सारखाच पडतो, आणि बरेचदा तो हुशार पोरालाच पडतो. ज्याला एकच नियम दिसतो तो खूण करून पुढे जातो. ज्याला तीन दिसतात तो अडकतो.

तुमचं निरीक्षण खरं आहे, रूममेटचंही खरं आहे. तिसरा कुणी असता तर म्हणाला असता की 8 वेगळं, कारण एक अंकी तेच एक. म्हणजे चारही संख्यांना आपापलं 'एकटेपण' आहे. हे फक्त याच प्रश्नात घडतं असंही नाही. कुठल्याही चार संख्या घ्या, प्रत्येकीबद्दल असं काहीतरी सापडतंच की जे उरलेल्या तिघींत नाही. त्यामुळे 'ही संख्या एकटी आहे' एवढं दाखवून काहीच सिद्ध होत नाही. उरलेल्या तीन कशानं एकत्र आल्या, हे सांगता आलं पाहिजे. तुम्ही एकट्याचा शोध घेतलात, पेपर काढणाऱ्यानं मात्र आधी तिघांचा नियम ठरवला होता.

हे मी सांगू शकतो, कारण दर रविवारच्या सराव परीक्षेचे पेपर मीच काढतो. वेगळा घटक ओळखायचा प्रश्न कसा तयार होतो ते बघा. आधी एक नियम ठरवायचा. त्या नियमात बसणारे तीन घटक घ्यायचे. चौथा त्यांच्याच घरातला वाटेल, पण नियम मोडेल असा शोधायचा. 'त्यांच्याच घरातला वाटेल' हे महत्त्वाचं, नाहीतर सहावीतलं पोरगंही दोन सेकंदांत उत्तर देईल. 8, 27, 125 यांच्यात 50 टाकलं तर कुणीही सांगेल. म्हणून चौथाही घनच घेतला.

आता तुमचा प्रश्न उलगडू. चारही घन आहेत: 2 चा, 3 चा, 4 चा, 5 चा. म्हणजे 'घन' या नियमानं कुणीच बाहेर पडत नाही, ते चौघांचं सामाईक घर झालं. आता एक पायरी खाली उतरून घनमुळं बघा: 2, 3, 4, 5. यातल्या 2, 3, 5 मूळ संख्या आहेत, 4 संयुक्त आहे. तीन संख्या मूळ संख्यांचे घन, चौथी नाही. 64 बाहेर.

बऱ्याच गाईडमध्ये याचं कारण दिलेलं असतं, '64 हा वर्गही आहे आणि घनही'. उत्तर तेच येतं, पण ते कारण मला आवडत नाही. त्यात पुन्हा एकट्याचंच कौतुक आहे. 8, 27, 125 बद्दल ते काही सांगत नाही. शिवाय त्या कारणानं एक वाईट सवय लागते. 64 दिसलं रे दिसलं की पोरं त्यावर खूण ठोकतात. मग मी त्यांना हा गट देतो: 36, 64, 100, 121. यातही घन असलेली संख्या 64 ही एकच, आणि अर्धा वर्ग 64 लिहितो. पण चारही वर्ग आहेत, वर्गमुळं 6, 8, 10, 11. तीन सम संख्यांचे वर्ग, चौथा विषम संख्येचा. उत्तर 121. तीच 64, पण सोबतीला कोण बसलंय त्यावरून तिचं ठरतं.

म्हणून क्लासमध्ये मी एकच सक्ती करतो. उत्तरावर खूण करण्याआधी मनात एक वाक्य पूर्ण करायचं: 'उरलेल्या तिन्ही ___ आहेत.' रिकाम्या जागेत 'नाही' किंवा 'नसलेल्या' शिरलं की थांबायचं. रूममेटचं वाक्य करून बघा. 'उरलेल्या तिन्ही 3 नं भाग न जाणाऱ्या आहेत.' अडलं ना? 3 नं भाग न जाणाऱ्या संख्या जगात ढिगानं पडल्यात. 8, 64 आणि 125 एकत्र यायला ते काही कारण झालं नाही.

तुमचं वाक्य जरा चतुर आहे. 'उरलेल्या तिन्ही 100 पेक्षा लहान आहेत.' यात 'नाही' कुठेच आलं नाही, तरी नियम फुसकाच. कारण संख्या चढत्या क्रमानं मांडल्या की शेवटच्या संख्येच्या अलीकडे कुठेही रेघ ओढता येते. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोठी संख्या, किंवा रेघ पलीकडे ओढली तर सगळ्यात लहान. लहान-मोठेपणाचा नियम कुठल्याही गटावर चालतो, म्हणून तो कुठल्याच गटाबद्दल काही सांगत नाही. अंकांची संख्या हाही त्याचाच भाऊ.

इथे एक पोट-शंका दरवर्षी येते, तीही घेऊन टाकतो. 21, 25, 27, 29 मध्ये वेगळी कोण? 29 मूळ संख्या आहे. मग उरलेल्या तिन्ही 'मूळ नसलेल्या' झाल्या, म्हणजे 'नसलेल्या' आलंच की! खरं आहे, पण 1 सोडून मूळ नसलेल्या अशा संख्यांना शाळेत नाव दिलेलं आहे, संयुक्त संख्या. त्यांच्यावर पाठ्यपुस्तकात धडा आहे, उदाहरणं आहेत. '3 नं भाग न जाणाऱ्या संख्या' असा धडा कुणी शिकला नाही. एवढ्यावरून फरक कळतो. ज्या गटाला शाळेत स्वतःचं नाव आहे तो गट पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात असू शकतो.

याच गटावर मागे एका पोरानं मला गाठलं होतं. तो म्हणाला, सर, अंकांची बेरीज करा. 21 ची 3, 25 ची 7, 29 ची 11, तिन्ही मूळ. 27 ची 9. मग 27 काहून नाही? त्याचं वाक्य पूर्ण होतं, 'नाही' येत नाही, तिघांचा नियमही आहे. मी त्याला चहा पाजला, पण उत्तर 29 च ठेवलं. कारण 29 ला पोचायला संख्येकडे एकदाच बघावं लागतं: मूळ की संयुक्त. 27 ला पोचायला आधी अंक सुटे करायचे, मग बेरीज, मग ती बेरीज मूळ की संयुक्त ते बघायचं. दोन नियम चालत असतील तर कमी पायऱ्यांचा घ्यायचा. हा काही गणिताचा सिद्धांत नाही. पेपर काढणारा माणूस असतो, आणि माणूस जवळचा रस्ता धरतो, एवढाच त्यामागचा हिशेब. म्हणून तो शंभरातल्या शंभर वेळा बरोबर येईल असं मी म्हणणार नाही. प्रश्न शिष्यवृत्तीचा असेल तर जवळजवळ नेहमी चालतो. स्पर्धा परीक्षेत कधी मुद्दाम दोन पायऱ्या ठेवलेल्या असतात. तिथे आधी एका पायरीचे नियम तपासून ते सगळे फेल गेलेले दिसले पाहिजेत, मगच खाली उतरायचं.

फेल गेलेला नियम ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन-दोनची वाटणी. तुमच्याच प्रश्नात सम-विषम लावा: 8 आणि 64 सम, 27 आणि 125 विषम. दोन इकडे, दोन तिकडे. असा नियम लगेच सोडायचा, ओढूनताणून 'पण त्यातल्या त्यात' असं करत बसायचं नाही. पोरांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दोन-दोन वाटणी झाली की ते त्याच नियमाला दुसरा जोडतात: 'सम आणि एक अंकी'. 'आणि' लावून कुणालाही बाहेर काढता येतं.

अक्षरांत हेच सगळं जास्त स्वच्छ दिसतं, म्हणून शिकवताना मी अक्षरांपासूनच सुरुवात करतो. फळ्यावर वर्णमालेचे पाच वर्ग मांडतो:

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

आडवी ओळ म्हणजे वर्ग, उभा रकाना म्हणजे उच्चाराची जात. पहिले दोन रकाने कठोर, पुढचे दोन मृदू, शेवटचा अनुनासिकांचा. दुसरा आणि चौथा रकाना महाप्राण. हा तक्ता पाठ असला की मराठी अक्षरांचे बहुतेक प्रश्न 'ओळ की रकाना' एवढ्यावर येतात.

आता त, थ, न, भ बघा. वर्गात विचारलं की अर्धे हात 'न' साठी वर येतात, कारण अनुनासिक तेवढं एकच. वाक्य करा: 'उरलेली तिन्ही अनुनासिक नसलेली आहेत.' अडलं. महाप्राण बघा: थ आणि भ, दोन-दोन. कठोर बघा: त, थ कठोर, न, भ नाहीत, पुन्हा दोन-दोन. एका पोरीनं तर अक्षराचा आकार काढला होता, की थ आणि भ ची शिरोरेषा तुटक असते. नजर भारी, पण तीही दोन-दोनच. शेवटी ओळ बघा: त, थ, न एकाच वर्गातली, भ प-वर्गातलं. उत्तर भ. एका ओळीच्या प्रश्नात पाच नियम तपासले, त्यातला एकच तिघांना बांधणारा निघाला.

दुसरा गट: ख, झ, ठ, फ. इथे चारही वेगवेगळ्या वर्गांतली, म्हणजे ओळ काहीच बोलत नाही. चारही महाप्राण, म्हणजे ते सामाईक घर. आता रकाना: ख, ठ, फ दुसऱ्या रकान्यातली, झ चौथ्यातलं. उत्तर झ. रचना हुबेहूब तुमच्या घनांसारखी आहे. चौघांचं घर एक, आणि घरातल्या आतल्या खोलीत तिघं.

पडताळा घ्यायची माझी एक पद्धत आहे, तिला आम्ही क्लासमध्ये 'दुरुस्ती' म्हणतो. तुम्ही ज्याला वेगळा म्हणताय त्याच्या जागी काय ठेवलं असतं तर चौघंही एकाच नियमात बसले असते, ते सांगायचं. झ च्या जागी छ. भ च्या जागी द किंवा ध. 121 च्या जागी 144. तुमच्या 64 च्या जागी 343, म्हणजे 7 चा घन. सगळीकडे दुरुस्ती चटकन सापडते, कारण पेपर काढणाऱ्यानं आधी अशीच बरोबर चौकडी मांडून मग एक घटक बिघडवलेला असतो. आता तुमचं 125 दुरुस्त करून बघा. त्याच्या जागी 100 पेक्षा लहान कुठलीही संख्या चालेल? 71 चालेल? 90? काहीही चालत असेल तर नियम नव्हताच.

इंग्रजी अक्षरगटात ही दुरुस्ती जास्तच कामाची. BDG, FHK, LNQ, RTX घ्या. डोळ्यांनी बघत बसू नका, क्रमांक लिहा. पूर्ण एबीसीडी मोजायची गरज नाही. E 5, J 10, O 15, T 20, Y 25 एवढे पाच खुंटे पाठ करा, बाकीची अक्षरं त्यांच्या अलीकडे-पलीकडे सापडतात. BDG म्हणजे 2, 4, 7. FHK म्हणजे 6, 8, 11. LNQ म्हणजे 12, 14, 17. तिन्हीत आधी 2 नं उडी, मग 3 नं. RTX म्हणजे 18, 20, 24, इथे दुसरी उडी 4 ची. दुरुस्ती: X च्या जागी W. फक्त एक अक्षर आणि तेही एकाच घरानं सरकवलेलं. अशी बारीक दुरुस्ती निघाली की उत्तर पक्कं समजा. पूर्ण गटच बदलावा लागत असेल तर बहुधा तुमचा नियम चुकलाय, पुन्हा बघा.

आता शब्द. इथे मात्र मी तुम्हाला संख्यांइतकी खात्री देणार नाही. संख्येला वर्ग, घन, मूळ, पट असे मोजके गुण असतात. शब्दाला अर्थ असतो, लिंग-वचन असतं, लिहिण्यातली अक्षरं असतात आणि त्या वस्तूबद्दलची माहितीही असते. प्रत्येक थरावर वेगळं उत्तर निघू शकतं, आणि प्रत्येकाचं वाक्य 'नाही' न येता पूर्ण होऊ शकतं.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ: संत्रं, लिंबू, मोसंबी, केळं. बाजारात जाणारा म्हणेल केळं, कारण बाकीची तिन्ही आंबट-गोड रसाची, फोडी निघणारी, लिंबाच्या जातीची फळं. मराठीचा शिक्षक म्हणेल मोसंबी, कारण ते संत्रं, ते लिंबू, ते केळं, पण ती मोसंबी. तिन्ही नपुंसकलिंगी आहेत, वाक्य चोख. दोन्ही नियम एका पायरीचे, दोघांनाही शाळेत नाव आहे. मग काय करायचं? पेपरात वर बघायचं. भरतीच्या लेखीत मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणी हे वेगळे विषय असतात. प्रश्न व्याकरणाच्या घोळक्यात आला असेल तर लिंग, बुद्धिमत्तेच्या घोळक्यात असेल तर अर्थ. काही पेपरांत विषय सरमिसळ असतात; तिथे आजूबाजूचे दोन-तीन प्रश्न कसे आहेत ते बघायचं. सगळ्यात शेवटी अक्षरसंख्या, काना-मात्रा यांकडे जायचं, तेही वरचं काहीच चाललं नाही तर.

कधीकधी पेपरात वर बघूनही सुटत नाही. तसा प्रश्न मी स्वतः काढला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रविवारच्या परीक्षेत मी दिलं होतं: वर्धा, भंडारा, गोंदिया, यवतमाळ. माझ्या डोक्यात सरळ होतं. चारही विदर्भातले जिल्हे, हे सामाईक घर. वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विभागात. यवतमाळ अमरावती विभागात. उत्तर यवतमाळ. दुरुस्तीही साधी, यवतमाळच्या जागी चंद्रपूर किंवा गडचिरोली. पेपर काढताना मला एकच धास्ती होती, की कुणीतरी वर्धा लिहील आणि म्हणेल की वर्धा नदीचंही नाव आहे. त्याची मला फिकीर नव्हती. 'उरलेले तिन्ही नदीचं नाव नसलेले' हे वाक्य अडतं, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

पेपर तपासले तर सात-आठ जणांनी वर्धा लिहिलेलं. सोमवारी मी नदीचंच कारण गृहीत धरून समजावायला लागलो, तर काटोलकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, नदी नाही. सीमा." मी म्हटलं, फळ्यावर ये. तिनं नकाशाचा अंदाजे आकार काढला आणि चार ठिपके दिले. भंडाऱ्याला मध्य प्रदेश लागून. गोंदियाला मध्य प्रदेशही लागून आणि छत्तीसगडही. यवतमाळला खाली तेलंगणा. आणि वर्ध्याला चारही बाजूंनी आपलेच जिल्हे: अमरावती, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ. 'तिन्ही जिल्हे दुसऱ्या राज्याच्या सीमेला लागून आहेत.' वाक्य पूर्ण, 'नाही' कुठे नाही, एकच पायरी, भूगोलात शिकवलेली गोष्ट. दुरुस्तीही तिनं न विचारता सांगितली: वर्ध्याच्या जागी अमरावती टाका.

माझ्या हातात काहीच उरलं नाही. माझी प्रत्येक कसोटी तिचं उत्तर पास करत होतं. प्रशासकीय विभाग जास्त 'साधा' नियम आहे असं मी म्हणू शकलो असतो, पण तो कुणाला साधा? तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला विभाग आधी आठवतील, नकाशा बघणाऱ्याला सीमा. मी तो प्रश्न रद्द केला आणि सगळ्यांना गुण दिले. नंतर पेपर बदलला: वर्ध्याच्या जागी नागपूर टाकलं. नागपूर मध्य प्रदेशाला लागून आहे, त्यामुळे चारही सीमेवरचे झाले आणि सीमेचा नियम गप्प बसला. उरला फक्त विभाग. सदोष प्रश्न असाच दुरुस्त होतो, दुसऱ्या नियमाला चौघांतही सारखं करून टाकायचं म्हणजे तो कुणालाच बाहेर काढत नाही.

माहितीच्या शब्दांत आणखी एक गोम असते ती जुन्या प्रश्नसंचांची. गोंदिया जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून निघाला, तेलंगणा राज्य 2014 साली झालं. त्याआधी छापलेलं उत्तर आज बरोबर असेलच असं नाही. आपलं उत्तर आणि छापील उत्तर जुळेना तर आधी पुस्तक कोणत्या साली छापलं ते बघा, मग स्वतःला दोष द्या.

परीक्षेच्या हॉलमध्ये असा दोन्हीकडून चोख प्रश्न आला तर त्यावर झुरत बसायची गरज नाही. भरतीच्या लेखीला 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. मी पोरांना सांगतो, दोन उत्तरं उरली की ज्या नियमात पेपर काढणाऱ्याला कमी माहिती जुळवावी लागली असेल तो घ्या, बाजूला बारीक टिंब द्या आणि पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत असतील आणि दोन्ही अगदी तोडीस तोड असतील, तरी दोनातून एक निवडणं बहुधा फायद्याचंच पडतं. चारही डोळ्यांसमोर नाचत असतील तर सोडा.

टिंब द्यायचं कारण आक्षेप. उत्तरतालिका आली की आक्षेपांसाठी ठरावीक मुदत मिळते. तिथे पोरं 'माझंही उत्तर बरोबर आहे' एवढंच लिहितात आणि तो आक्षेप बाजूला पडतो. चार ओळींत असं लिहा: तालिकेतल्या उत्तराचा नियम हा, तो मान्य, माझ्या उत्तराचा नियम हा, त्यात उरलेले तिन्ही असे बसतात, त्याला आधार राज्य मंडळाच्या अमुक इयत्तेच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा. म्हणजे दोन घटक वेगळे ठरतात आणि प्रश्न रद्द व्हायला हवा. मागणी 'मला गुण द्या' अशी ठेवू नका, 'प्रश्न रद्द करा' अशी ठेवा. समितीला त्यावर निर्णय घेणं सोपं जातं.

तुमच्या 8, 27, 64, 125 वर मात्र आक्षेप घेऊ नका. तो पेपर खाजगी सराव मालिकेचा असेल तर त्यांना फार तर एवढं कळवा, की उत्तरापुढे 'मूळ संख्यांचे घन' हे दोन-तीन शब्द छापा. रूममेटला आज रात्री 125, 216, 343, 1331 द्या. 5, 6, 7, 11 चे घन. तो 1331 म्हणाला, कारण चार अंकी तेच एक, तर त्याला वाक्य पूर्ण करायला लावा.